आंघोळीनंतर फुगणारे डाग

डॉक्टर, माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे, वजन साडेनऊ किलो. पाच महिन्यांचा असताना पाठीवर दोन तपकिरी डाग दिसले. आता पाठ, पोट, मांड्या मिळून ३५ तरी असतील. आंघोळ घालून पुसलं की ते डास चावल्यासारखे फुगतात, लाल होतात आणि अर्ध्या तासात बसतात. सासूबाई म्हणतात पित्त आहे, म्हणून आम्ही आमसूल चोळतो. दही, अंडं, तूरडाळ बंद केली. मी गरोदरपणी ग्रहणात बाहेर पडले म्हणून असं झालं, असंही घरात बोलतात. साताऱ्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘मॅस्टोसायटोसिस’ लिहून रक्त तपासायला सांगितलं. मोबाइलवर शोधलं तर रक्ताचा कॅन्सर निघाला. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. १६ व्या महिन्याची लस द्यायची का? आणि अंगणात मधाच्या पेट्या आहेत, त्या काढाव्या लागतील का?
– एक आई, जावळी तालुका

ताई, आधी झोपेचं बघू. तुम्ही लिहिलंय तेवढंच असेल, म्हणजे बाळ खातंय-पितंय, वजन वाढतंय, खेळतंय आणि अंगावर फक्त हे डाग आहेत, तर हा रक्ताचा कॅन्सर नाही. मोबाइलवर वाचलंत ते खोटं नव्हे, पण ते मोठ्या माणसांचं आहे. मॅस्टोसायटोसिस हे एकच नाव दोन बऱ्याच वेगळ्या दुखण्यांना चिकटलंय. तिशी-चाळिशीत ज्याच्या अंगावर असे डाग येतात, त्याच्या हाडातल्या मगजातही बहुधा तीच गडबड सापडते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हे नाव रक्ताच्या आजारांमध्ये बसलंय आणि शोधलं की तेच आधी वर येतं. पहिल्या दोन वर्षांत सुरू होणारा प्रकार मात्र बहुतेक बाळांमध्ये कातडीपुरताच राहतो.

आता हे डाग आहेत तरी काय? आपल्या कातडीत, आतड्यात, श्वासनळीत मास्ट नावाच्या पेशी असतात. पॉल एर्लिख या जर्मन डॉक्टरने १८७८ साली, विद्यार्थी असतानाच, आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. रंग दिल्यावर त्या आतून दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसल्या. त्याला वाटलं, या खाऊन-पिऊन माजलेल्या पेशी असाव्यात, म्हणून खाऊ घालून पोसणं या अर्थाच्या जर्मन शब्दावरून त्याने हे नाव ठेवलं. दाणे खाण्याचे नव्हते, पण नाव राहिलं. त्या दाण्यांमध्ये हिस्टामिन असतं. डास चावल्यावर जी गांधी उठते, ती याच हिस्टामिनची करामत. या पेशी प्रत्येकाच्या कातडीत विखुरलेल्या असतात. तुमच्या बाळाच्या प्रत्येक डागाखाली त्यांचा गठ्ठा जमलाय, एवढाच फरक. तिथे घासलं, चोळलं, गरम पाणी पडलं की सगळ्या दाणे सोडतात आणि तेवढीच जागा फुगते. तपकिरी रंग येतो तो या पेशींच्या शेजारामुळे वरच्या थरात जास्त रंगद्रव्य तयार होतं म्हणून. तो मळ नाही आणि भाजलेलंही नाही.

म्हणजे बघा, हा आजार ओळखायची जी परीक्षा आम्ही दवाखान्यात करतो, ती तुम्ही नकळत रोज सकाळी टॉवेलने करताय. तिला झां दारिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाचं नाव आहे. पद्धत साधी आहे. जिभेवर ठेवायची ती लाकडी पट्टी घ्यायची, एकाच डागावरून मध्यम दाबाने चार-पाच वेळा फिरवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. डाग उचलला गेला, भोवती लाली आली, पण शेजारची साधी कातडी तशीच चोळून काही झालं नाही, तर निदान जवळजवळ झालंच. आपल्याकडच्या सावळ्या रंगावर लाली नीट कळत नाही, तेव्हा मी डोळ्यांपेक्षा बोटावर भरवसा ठेवते. सपाट असलेली जागा बोटाला टणक, किंचित गरम आणि संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत लागते.

ही परीक्षा घरी मुद्दाम करू नका, नातेवाइकांना दाखवायला तर अजिबातच नको. मी शिकाऊ डॉक्टर असताना एका रुग्णालयात आठ महिन्यांच्या मुलीच्या दंडावर रुपयाएवढी एकच पिवळसर-तपकिरी गाठ होती. तोही याच आजाराचा एक प्रकार, पण एका जागी पेशींचा मोठा साठा असलेला. बरोबरच्या विद्यार्थ्यांना दाखवायच्या हौसेने मी ती जोरात चोळली. गाठ फुगली ती फुगलीच, शिवाय दोन मिनिटांत मुलीचा चेहरा आणि छाती लालबुंद झाली, तिला उलटी झाली आणि ती मलूल पडली. आडवं झोपवून, इंजेक्शन देऊन तासाभरात ती सावरली. पण मला त्या दिवशी कळलं की साठा मोठा असला की सुटलेलं हिस्टामिन जागेवर न थांबता अंगभर जातं. तेव्हापासून उंच, जाड गाठ मी कधीच चोळत नाही.

आमसुलाबद्दल माझं म्हणणं तेच आहे. आमसूल बिचारं निर्दोष आहे, घात करतं ते चोळणं. ३५ डाग एका दमात चोळले म्हणजे ३५ ठिकाणांहून हिस्टामिन एकदम बाहेर पडतं. बाळ किरकिरतं, चेहरा लाल होतो, कधी पातळ शी होते, आणि आपण म्हणतो पित्त आणखी खवळलं. खरखरीत घोंगडीने अंग पुसणं हाही त्यातलाच प्रकार, तोही नको.

सासूबाईंना हे पित्त नाही म्हणून पटवायचं असेल तर वाद घालू नका, एक बॉलपेन घ्या. एका डागाभोवती हलक्या हाताने गोल काढा आणि दोन-तीन दिवस बघा. अंगावर उठणारं पित्त भटकं असतं. आज मांडीवर, उद्या पाठीवर, आणि एक गांधी एका जागी २४ तासांपेक्षा जास्त क्वचितच टिकते, मागे खूणही ठेवत नाही. तुमच्या बाळाची फुगवटी दर वेळी त्याच गोलात येईल आणि ओसरली की तपकिरी डाग तिथेच असेल. जन्मखुणा आणि कॉफीच्या रंगाचे सपाट डाग यांचं उलटं असतं, ते जागेवर राहतात पण कितीही चोळा, फुगत नाहीत. एवढ्या खुणा जुळल्या की कातडीचा तुकडा काढायची गरज सहसा पडत नाही. डाग फुगतच नसतील किंवा दिसायला विचित्र असतील तर मात्र तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढून मास्ट पेशी दाखवणारा रंग देऊन तपासतात.

खाण्यावरची बंदी उठवा. दही, अंडं, तूरडाळ यांचा या डागांशी संबंध नाही. १४ महिन्यांच्या मुलाचं वरण तोडून आपण त्याच्या वाढीत खोट घालतो. एखादा ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर प्रत्येक वेळी अंग लाल होतंय असं तुम्ही स्वतः दोन-तीनदा पाहिलं असेल, तर तेवढाच थांबवा आणि मला कळवा.

बदलायची आहे ती आंघोळ. जावळीतल्या थंडीत बंबाचं कढत पाणी, त्याआधी रगडून तेल, डाळीचं पीठ लावून चोळणं, वर शेक, हा आपला बाळ न्हाऊ घालायचा थाट मला ठाऊक आहे. माझ्या आजीनेही मला तसंच रगडलंय. पण या बाळाला त्यातली प्रत्येक पायरी डिवचते. पाणी कोमट ठेवा, तुमच्या कोपराला ना गरम ना गार लागेल इतकं. तेल लावायचंच असेल तर तळहातावर घेऊन नुसतं फासा, रगडू नका. पीठ, उटणं बंद. टॉवेल न घासता मऊ जुन्या लुगड्याने टिपून घ्या. न्हाणीतून एकदम गार हवेत आणू नका, दार लोटून घेऊन तिथेच कपडे घाला. गरमातून गारात आणि गारातून गरमात होणारा झटकाही या पेशींना सहन होत नाही.

कपडे सैल आणि सुती असू द्या, लोकरीचा स्वेटर थेट अंगाला नको. आणि कमरेचा करगोटा काढा. बाळाच्या कमरेला एक-दोन डाग असतील तर ते सतत फुगलेले दिसण्याचं कारण तोच असतो. दोरा घासतोय हे कुणाच्या लक्षातच येत नाही, सगळे मात्र म्हणतात कमरेवरचे डाग फार वाईट आहेत. दृष्टीसाठी बांधायचाच असेल तर पाळण्याला बांधा, माझी हरकत नाही.

दोन-अडीच वर्षांच्या आतल्या बाळांची कातडी अजून नाजूक असते. जोरात घासलं गेलं तर डागावर पाण्याने भरलेला फोडही येतो. तो दिसला की घरात ‘चटका बसला का’ म्हणून एकमेकांकडे बघतात. एकदा तर अंगणवाडीतून मुलाच्या आईला बोलावून घेतलं होतं. फोड फोडू नका, त्यावर हळद-तेल दाबू नका. आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्याने धुऊन सैल पट्टी लावा. व्रण बहुधा राहत नाही. फोड वारंवार किंवा अंगभर यायला लागले, कातडी सगळीकडेच जाडसर आणि लालसर वाटायला लागली, तर तो वेगळा आणि जास्त जपण्याचा प्रकार असतो. मग पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

रक्त तपासणीत काय असतं ते सांगते, म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर धडकी भरणार नाही. मुख्य तपासणी ट्रिप्टेजची. हा पदार्थ मास्ट पेशींच्याच दाण्यांतून येतो, त्यामुळे अंगात एकूण किती पेशी आहेत याचा तो ढोबळ अंदाज देतो. नमुना बाळ ठणठणीत असताना द्या. अंग लालबुंद होऊन गेल्यावर लगेच घेतला तर आकडा फुगलेला येतो, निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. रिपोर्टवर ११.४ ही वरची मर्यादा छापलेली असते, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या मापात. त्याच्या आत असेल आणि सोबतचा साधा रक्ताचा रिपोर्ट नीट असेल, पोट तपासताना यकृत-प्लीहा हाताला लागत नसेल, तर पुढे काही शोधत बसायचं नाही. हाडातून पाणी काढायची गरज तर मुळीच नाही. ती भीती अनेक आयांच्या मनात असते म्हणून स्पष्ट लिहिते.

आकडा थोडा वर आला तर काय होतं, त्याचं एक उदाहरण देते. कोरेगावकडची एक मुलगी दीड वर्षाची असताना माझ्याकडे आली. अंगावर नव्वदच्या आसपास डाग, काही करंगळीच्या नखाएवढे, काही त्याच्या दुप्पट, कडा वेड्यावाकड्या. ट्रिप्टेज १४.२. वडील रिपोर्ट घेऊन थेट पुण्याला निघाले होते. मी त्यांना थांबवलं. डाग इतके जास्त असले की कातडीतल्या पेशींमुळेच आकडा एवढा चढू शकतो. सोनोग्राफी केली, यकृत आणि प्लीहा नेहमीएवढीच होती, रक्तातल्या पेशी ठीक होत्या, वजन वाढत होतं. एक वर्षाने परत तपासलं तेव्हा आकडा ९.६ आला. तोच २० च्या वर असता, किंवा वर्षभरात चढत गेला असता, किंवा पोटात यकृत-प्लीहा वाढलेली लागली असती, तर मीच त्यांना पुण्याच्या रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. ती मुलगी आता सहावीत आहे. पाठीवर फिकट सावल्यांसारखे काही डाग उरलेत, ते फुगत नाहीत. मधल्या काळात, म्हणजे तीन वर्षांची होईपर्यंत, डाग वाढतच होते. हे तुम्हीही लक्षात ठेवा, कारण नवे डाग येत राहिले की घरचे म्हणतात औषध लागू पडत नाही. सुरुवातीची काही महिने-वर्षं नवे डाग येणं हा या आजाराचा नेहमीचा रस्ता आहे.

तुमच्या बाळाचे डाग कसे आहेत ते पत्रावरून कळत नाही. मोठे, लहान, वेडेवाकडे असे मिसळलेले असतील तर वयात येईपर्यंत ते फिकट पडण्याची किंवा जाण्याची शक्यता चांगली असते. सगळेच्या सगळे मुगाच्या दाण्याएवढे, एकसारखे गोल असतील तर ते मोठेपणीही राहू शकतात. मग थोडी जास्त वर्षं लक्ष ठेवावं लागतं.

औषधाचं काम खाज आणि फुगवटी कमी करणं एवढंच आहे, डाग पुसणं नव्हे. बाळाला खाज नसेल, झोप नीट असेल, तर रोज औषध देण्याचं कारण नाही. खाजवत असेल तर सेटिरिझिनचं सिरप चालतं. या वयाला सुरुवातीला रात्री एकदा अडीच मिलिग्रॅम, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये पाच मिलिग्रॅम असं बाटलीवर लिहिलेलं असेल तर अडीच मिलिलिटर. बाटल्यांची ताकद वेगवेगळी असते, म्हणून तुमच्या डॉक्टरांना बाटली दाखवून माप पक्कं करून घ्या, आणि घरातल्या चमच्याने नव्हे, सोबत येणाऱ्या टोपणाने किंवा सुईविना सिरिंजने द्या. मेडिकलमधून ‘डागांवर ट्यूब’ मागून आणू नका. मिळते ती बहुतेक वेळा स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकत्र घातलेली असते. ती महिनोन्महिने अंगभर लावून पातळ झालेली कातडी पूर्ववत करणं डागांपेक्षा अवघड जातं.

या बाळाच्या बाबतीत मला डागांपेक्षा तापाच्या औषधाची काळजी जास्त वाटते. आपल्याकडे ताप आला की दुकानदार मेफेनॅमिक ॲसिडचं किंवा आयबुप्रोफेनचं सिरप सर्रास देतो. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेल्या बाटल्याही असतात, त्या नुसत्या पॅरासिटामॉलच्या समजून घेतल्या जातात. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन एकाच घराण्यातले. या आजाराच्या काही मुलांमध्ये ही औषधं मास्ट पेशींना चिथावतात. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही. याआधी दिली असतील आणि काही झालं नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा. पण पहिल्यांदाच, रात्री बारा वाजता, घरच्या घरी देऊन बघण्याची ही औषधं नव्हेत. तापाला नुसतं पॅरासिटामॉल द्या, साडेनऊ किलोला एका वेळी साधारण १४० मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तर या वयात कुठल्याच बाळाला देत नाहीत, तुमच्याला नकोच. पुढे कधी हर्नियाचं किंवा दातांचं काम निघालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव आधी सांगा, काही वेदनाशामकं आणि स्नायू सैल करणारी औषधं त्यांना बदलून घ्यावी लागतात. चिठ्ठीवरचं ते अवघड नाव एका कार्डावर लिहून आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा.

लस द्यायचीच. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर असतो. लस चुकवून गोवर होऊ देणं हे मास्ट पेशींच्या दृष्टीनेही वाईट, कारण मोठा तापही त्यांना डिवचतो. फक्त आशाताईंना आणि सिस्टरना आधी सांगून ठेवा. दोन इंजेक्शनं वेगवेगळ्या दिवशी देता आली तर बरं. डॉक्टर हो म्हणाले तर तासभर आधी सेटिरिझिन द्या. टोचलेली जागा चोळू नका. अर्ध्या तासात घरी न पळता आरोग्य केंद्रात तासभर बसा. रात्री ताप आला तर वर सांगितलेलं पॅरासिटामॉल. लशीनंतर चार-दोन डाग फुगणं चालतं, त्यासाठी पुढची लस टाळायची नाही.

आता मधाच्या पेट्या. महाबळेश्वर-जावळीकडे पेट्या म्हणजे घरचं उत्पन्न, त्या विकून टाका असं मी म्हणणार नाही. मोठ्या माणसांत हा आजार असताना मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली तर जीवावर बेतू शकतं. लहान मुलांत ते प्रमाण बरंच कमी आहे, पण शून्य नाही. बाळ आता चालायला लागेल, पेटीच्या तोंडाशी जाऊन बसेल. पेट्या अंगणातून बांधापलीकडे हलवा, आणि मध काढायच्या दिवशी बाळाला आतल्या घरात ठेवा. आग्या मोहोळ कुठे लागलं असेल तर त्या वाटेने बाळाला नेऊच नका. मध खाण्याचा या आजाराशी संबंध नाही.

माशी चावली, नवं औषध पोटात गेलं किंवा काहीच कारण दिसत नसताना, पुढचं दिसलं तर ते नेहमीचं फुगणं समजू नका. चेहरा आणि अंग एकदम लालबुंद होणं, त्यासोबत उलट्या, घरघर किंवा दम लागणं, ओठ-जीभ सुजणं, किंवा बाळ एकदम मलूल, फिकट पडून मान टाकणं. अशा वेळी बाळाला खांद्यावर उभं धरून हलवत बसू नका. आडवं ठेवा, पाय थोडे वर घ्या, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा, दम लागला असेल आणि बसूनच बरं वाटत असेल तर मांडीत टेकवून धरा. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात पोहोचा. तिथे मांडीत ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागतं. सेटिरिझिनच्या सिरपने हे थांबत नाही, ते पाजण्यात दहा मिनिटं घालवू नका.

परदेशात ॲड्रिनॅलिनचं तयार पेन मिळतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही आणि तयार मात्रा इतक्या लहान बाळाला जास्तही होते. म्हणून ज्यांच्या अंगावर डाग फार आहेत, फोड येतात, ट्रिप्टेज वर आहे किंवा आधी असा झटका येऊन गेलाय, त्यांच्या आईवडिलांना मी अँप्युल आणि एक मिलिलिटरची सिरिंज वापरायला समोर बसवून शिकवते. तुमच्या वाडीपासून मेढ्याचा दवाखाना रात्री किती वेळाच्या अंतरावर आहे, हेही मी त्यात धरते. तुमच्या डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा. पत्रातल्या वर्णनावरून मला लगेच गरज वाटत नाही, पण पेट्या आहेत म्हटल्यावर बोलून ठेवलेलं बरं.

आणि ग्रहण. मास्ट पेशींच्या वाढीचं एक बटण असतं, किट नावाच्या जनुकातलं. बहुतेक मुलांमध्ये ते बटण बाळाच्या पोटातल्या वाढीदरम्यान एखाद्या पेशीत आपोआप अडकतं आणि त्या पेशीची पिलावळ कातडीत जमते. आईबापाकडून आलेलं नसतं, सहसा पुढच्या बाळात जात नाही, आणि कुणाला लागतही नाही. शेजारच्या मुलांना खेळायला येऊ द्या. तुम्ही त्या दिवशी घरात काळोख करून बसला असतात तरी हे डाग आलेच असते. तो विषय पुन्हा निघाला तर हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर तुमच्या डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी घेऊन जा. मोबाइलवर दिवसाउजेडी काढलेले दोन फोटो, एक आंघोळीआधीचा आणि एक पुसल्यानंतर पाच मिनिटांचा, पूर्ण पाठीचे, एकाच अंतरावरून. बाळाला आजवर दिलेल्या तापाच्या आणि खोकल्याच्या औषधांच्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी. आणि लशीचं कार्ड. सगळं नीट असेल तर पुढे सहा महिन्यांनी दाखवलं तरी चालेल, मग वर्षातून एकदा.